दुमजली घरातील वाय-फाय : एक्स्टेंडर घ्यावा की मेश?
स्वस्त डब्याने वेग निम्मा का होतो, याचा साधा हिशेब

जळगावातील आमचे एक स्नेही कापडाचा व्यापार करतात. खाली दुकान, वर गोदाम आणि त्याला लागूनच राहण्याची जागा, असे त्यांचे दुमजली घर आहे. पूर्वी बाहेरगावचा गिऱ्हाईक दुकानात येऊन माल पाहत असे. आता तो फोनवर व्हिडिओ लावून मागतो. "गठ्ठा उघडून दाखवा, काठ जवळून दाखवा" म्हणतो आणि लगेच सौदा ठरवतो. अडचण एवढीच होती, की माल वर आणि इंटरनेटचा राउटर खाली गल्ल्याजवळ. वरच्या मागच्या खोलीत व्हिडिओ अडकायचा, चित्र फुटायचे आणि गिऱ्हाईक "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवायचा. ठेवलेला फोन पुन्हा येतोच असे नाही, हे व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नाही.

त्यांनी बाजारातून सव्वा हजार रुपयांचा एक्स्टेंडर आणला आणि गोदामाच्या खोलीत टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये लावला. फोनवर रेंजच्या सर्व रेघा भरल्या, पण व्हिडिओ पूर्वीइतकाच अडकू लागला. दुकानदाराने सल्ला दिला, की आणखी एक डबा जिन्यात लावा. त्यांनी तोही लावला. थोडा फरक पडला, पण समाधान झाले नाही. शेवटी त्यांनी आम्हाला बोलावले आणि विचारले, "भाई, रेघा तर पूर्ण दिसतात, मग वेग कुठे जातो? डब्यातच काही खोट आहे का?"

डब्यात खोट नव्हती. खोट होती ती हिशेबात. हाच प्रश्न खान्देशातील अनेक व्यापारी आणि कारागिरांच्या घरी आहे, कारण खाली दुकान किंवा कारखाना आणि वर कुटुंब ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हणून तो हिशेब येथे सविस्तर मांडत आहोत.

एक्स्टेंडर नेमके काय करतो?

एक्स्टेंडरला काही लोक रिपीटर म्हणतात, आणि हेच नाव अधिक खरे आहे. हा डबा स्वतः इंटरनेट आणत नाही. राउटरचे बोलणे तो ऐकतो आणि तेच पुन्हा मोठ्याने बोलतो. फोनचे बोलणेही तसेच ऐकून तो राउटरकडे पोचवतो.

समजा, दुकानातून वर गोदामात निरोप द्यायचा आहे आणि आवाज पोचत नाही. आपण जिन्यावर एक मुलगा उभा करतो. खालून कोणी म्हणते, "निळ्या रंगाचे दहा ताके पाठवा." मुलगा आधी पूर्ण ऐकतो, मग तेच वरच्या माणसाला ओरडून सांगतो. तो सांगत असताना खालच्याने दुसरा निरोप सुरू केला तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतील आणि कोणालाच काही कळणार नाही. म्हणून खालच्याला थांबावे लागते. एकच निरोप दोनदा उच्चारला जातो आणि वेळही दुप्पट लागतो. मुलगा हुशार आहे, आवाज खणखणीत आहे, तरी वेळ दुप्पटच लागतो.

वाय-फायचा कारभार अगदी असाच चालतो. १९९७ साली त्याचे पहिले प्रमाण ठरले तेव्हापासून त्याचा मूळ नियम असा आहे, की आधी कान देऊन ऐकावे, कोणी बोलत नसेल तरच बोलावे. एका पट्ट्यावर, म्हणजे एका चॅनेलवर, एका वेळी एकानेच बोलायचे असते. स्वस्त एक्स्टेंडरमध्ये रेडिओ एकच असतो. त्याच रेडिओने त्याला राउटरचे ऐकायचे असते आणि त्याच चॅनेलवर फोनशी बोलायचेही असते. परिणामी प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते. "वेग निम्मा होतो" असे जे म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे.

सेकंदांचा हिशेब

हा हिशेब वेगाने करण्याऐवजी वेळेने केला तर लगेच समजतो. आमच्या स्नेह्यांच्या घरी १०० एमबीपीएसचे, म्हणजे एका सेकंदाला १०० मेगाबिट माहिती देणारे, फायबरचे कनेक्शन आहे. १०० मेगाबाइटची एक व्हिडिओ फाइल आपण उदाहरणादाखल घेऊ. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून ही फाइल ८०० मेगाबिटची झाली. सोबतचे आकडे आम्ही त्यांच्या घरी फोनवर मोजले आणि हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.

पहिल्यांदा आम्ही दोन्ही डबे बंद केले. गोदामात राउटरचा थेट वेग १० एमबीपीएस मिळाला. फाइलला ८० सेकंद लागले.

मग गोदामातला डबा तेवढा चालू केला. डबा आणि फोन यांत चार हातांचे अंतर, म्हणून त्या दोघांत वेग ४० चा. ही दुसरी मजल २० सेकंदांची झाली. पण डबा स्वतः कुठे आहे? त्याच कमजोर खोलीत. राउटरचे बोलणे त्यालाही १० च्याच वेगाने ऐकू येते. म्हणजे पहिली मजल ८० सेकंदांची राहिली. ८० आणि २० मिळून १०० सेकंद झाले. वेग निघाला ८ एमबीपीएस. डबा लावण्यापूर्वी १० होता, लावल्यावर ८ झाला! आणि फोनवर रेघा मात्र पूर्ण. कारण फोनच्या रेघा फोन आणि जवळचा डबा यांच्यातील अंतर सांगतात. डबा आणि राउटर यांच्यामध्ये काय चालले आहे, हे त्या सांगत नाहीत. आमच्या स्नेह्यांचा गैरसमज नेमका येथेच झाला होता.

आता दोन्ही डबे चालू केले. राउटरकडून जिन्यातल्या डब्याला, तिथून गोदामातल्या डब्याला आणि तिथून फोनला, अशा तीन मजला झाल्या. प्रत्येक मजल ४० च्या वेगाची, म्हणजे २० सेकंदांची. एकूण ६० सेकंद आणि वेग सुमारे १३.

शेवटी आम्ही गोदामातला डबा काढून घेतला आणि जिन्याच्या माथ्यावरचा तेवढा ठेवला. तिथून गोदामाचे दार सरळ दिसते. राउटर ते डबा २० सेकंद आणि डबा ते फोन २० सेकंद, एकूण ४० सेकंद. वेग २० एमबीपीएस. एक डबा काढल्यावर वेग वाढला, हे पाहून त्यांच्या मुलाला हसू आवरेना.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, जिन्यातल्या डब्याने ४० चे २० केले, म्हणजे वेग खरोखरच निम्मा झाला. तरीही गोदामापुरता तो १० वरून २० झाला, म्हणजे दुप्पट. तेव्हा एक्स्टेंडर नेहमीच निरुपयोगी असतो असे म्हणणे योग्य नाही. दोन, डबा जिथे रेंज नाही तिथे लावायचा नसतो. जिथे रेंज अजून चांगली आहे आणि जिथून पुढची खोली जवळ आहे, अशा मधल्या ठिकाणी लावायचा असतो. दुमजली घरात अशी जागा बहुधा जिन्याचा माथा हीच असते, कारण लोखंडी सळयांचा स्लॅब लहरींना अडवतो आणि जिन्याची पोकळी त्यांना वाट देते.

खोक्यावरचे मोठे आकडे

स्नेह्यांच्या डब्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० एमबीपीएस छापले होते. मग हातात २० का आले, असा रास्त सवाल त्यांनी केला.

हा ३०० चा आकडा खोटा नसतो, पण तो मोकळ्या मैदानातला असतो. त्यासाठी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दुप्पट रुंद वाट मिळावी लागते. हा पट्टा सर्वांना विनापरवाना खुला असल्याने बाजारपेठेत प्रत्येक दुकानाचा राउटर त्यातच बोलत असतो. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाटा तीनच आहेत, चॅनेल १, ६ आणि ११. शेजारी दहा-पंधरा दुकाने असली की रुंद वाट मिळणे अवघडच. शिवाय छापील आकड्यातला बराच भाग ऐकण्या-थांबण्यात आणि पोच देण्यात जातो. अशा गर्दीत ४० मिळाले तरी ते ठीकच म्हणायचे.

१२०० असे छापलेले डबे थोडे महाग असतात. तो आकडाही बेरजेचा आहे. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मिळवून, वर पूर्णांक करून १२०० छापतात. पण या डब्यांत रेडिओ दोन असतात, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर आणि फोनशी २.४ वर बोलायचे, अशी मांडणी यांत करता येते. म्हणजे जिन्यावर दोन मुले उभी केल्यासारखे झाले. एक ऐकतो तेव्हा दुसरा बोलू शकतो. दोन्ही मजला एकाच वेळी चालतात, सेकंदांची बेरीज होत नाही, आणि जी मजल सर्वांत सावकाश तिचाच वेग शेवटी मिळतो. स्वस्तातला एकरेडिओ डबा आणि हा दोनरेडिओ डबा दिसायला सारखेच असतात. म्हणून घेताना खोक्यावर दोन्ही पट्टे लिहिले आहेत का, हे पाहावे आणि राउटरही दोन पट्ट्यांचा आहे का, याची खात्री करावी.

मेश म्हणजे काय, आणि काय नाही

आता बाजारात "मेश घ्या, सगळा त्रास जाईल" असे सांगतात. मेश म्हणजे एकाच जातीचे दोन-तीन डबे. त्यांपैकी एक कनेक्शनला जोडायचा, बाकीचे घरात ठेवायचे. हे सगळे मिळून एकाच कारभाऱ्याच्या हाताखाली काम करतात. वाय-फायचे नाव एक, पासवर्ड एक. वरून खाली येताना फोनला कोणत्या डब्याकडे जायचे याची सूचना मिळते. स्वस्त एक्स्टेंडर बहुधा मूळ नावापुढे `_EXT` असे जोडून दुसरेच नाव तयार करतो. मग वरचा फोन खाली आला तरी वरच्याच डब्याला चिकटून राहतो, आणि राउटर समोर असूनही वेग मिळत नाही. मेशने हा त्रास बराच कमी होतो. तो पूर्ण जात नाही, कारण कोणाला सोडायचे हे शेवटी फोनच ठरवतो.

पण मेश म्हटले की निम्म्याचा हिशेब संपला, हे खरे नाही. दोन पट्ट्यांच्या साध्या मेशमध्ये दोन डबे आपसात बहुधा ५ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि आपला फोनही त्याच ५ वर असतो. म्हणजे त्या चॅनेलवर माहिती पुन्हा दोनदाच जाते. मग मेश चांगला का वाटतो? कारण मूळ आकडा मोठा असतो. दोन्ही मजला २०० च्या वेगाच्या असतील तर आपल्या ८०० मेगाबिटच्या फाइलला ४ आणि ४ मिळून ८ सेकंद लागतात, म्हणजे वेग १०० मिळतो. निम्मा इथेही झाला. पण कनेक्शनच १०० चे असल्याने तो दिसला नाही. तेच कनेक्शन ३०० चे घेतले तर वर १०० च मिळतील आणि जादा पैसे वाया जातील.

तीन रेडिओंचा मेश यापेक्षा वरचा. त्यात डब्यांनी आपसात बोलण्यासाठी एक रेडिओ स्वतंत्र राखलेला असतो. या आपसातल्या वाटेला जाणकार बॅकहॉल म्हणतात. त्यामुळे बेरीज टळते. मात्र त्याची किंमत साध्या मेशच्या दुपटीपर्यंत जाते. साधा दोन डब्यांचा मेश साधारणतः सहा-सात हजारांत येतो. तेव्हा लहान दुकानदाराने तीन रेडिओंचा मेश घेण्यापूर्वी पुढचा मजकूर वाचावा, अशी आमची सूचना आहे.

धुळ्यातील जाड भिंतीचे घर

धुळ्यातील एका परिचितांनी मेशच घेतला होता. खाली त्यांचे माग चालतात आणि वर कुटुंब राहते. घराचा पुढचा भाग नवा, स्लॅबचा. मागचा भाग मात्र आजोबांच्या काळचा, धाब्याचा, दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींचा. त्यांनी एक डबा खाली कचेरीत आणि दुसरा वर अगदी मागच्या खोलीत ठेवला. सात हजार रुपये घालूनही मागच्या खोलीत ४० च मिळत होते.

कारण तेच, जे जळगावात होते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीपुढे त्या २.४ पेक्षा लवकर दमतात. स्लॅब आणि मातीची भिंत ओलांडताना दोन डब्यांतील वेग ५० वर आला होता. ८०० मेगाबिटला पहिली मजल १६ सेकंदांची, दुसरी ४ सेकंदांची, एकूण २० सेकंद आणि वेग ४०. डबा जिन्याच्या माथ्यावर आणला तेव्हा पुढच्या दोन खोल्यांत १०० मिळू लागले. मागच्या खोलीत मात्र मातीची भिंत फोनच्या आड आली आणि तिथे फारसा फरक पडला नाही. ती भिंत कोणत्याही रेडिओने सहज ओलांडली जात नाही. तिथे वायरच हवी.

आणखी एक गोष्ट तिथे आढळली. कचेरीतला डबा मागांजवळ असल्याने त्याच्या हवेच्या फटी रुईच्या तुसाने भरल्या होत्या. डबा हात लावता येणार नाही इतका तापत असे आणि दुपारी मधूनच बंद पडे. घरगुती राउटर सर्वसाधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्या जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात सावलीतच त्याहून जास्त होते, आणि पत्र्याच्या छपराखाली तर किती होत असेल, ते सांगायला नको. म्हणून वरचा डबा पत्र्याच्या खोलीत उंचावर लावू नये. माग किंवा कापूस जवळ असेल तर दर पंधरवड्याला कोरड्या ब्रशने फटी साफ कराव्यात. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा पाण्याच्या टाकीच्या आडही डबा ठेवू नये, कारण लोखंड आणि पाणी दोन्ही लहरींना अडवतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्का मार्ग

जळगावच्या घरी शेवटी काय केले, ते सांगतो. २० एमबीपीएसवर व्हिडिओ चालू लागला होता. परंतु संध्याकाळी मुलांचे मोबाइल आणि दुकानातील कॅमेरे एकाच वेळी चालू झाले की पुन्हा अडखळत असे. म्हणून आम्ही खालच्या राउटरपासून जिन्याच्या खिडकीतून गोदामापर्यंत नेटवर्कची वायर ओढून घेतली. पंचवीस मीटर वायर लागली. चांगली कॅट-६ वायर साधारण वीस रुपये मीटरने मिळते, म्हणजे वायरचे पाचशे रुपये झाले. वर त्यांच्याच घरात पडून असलेला दोन पट्ट्यांचा जुना राउटर लावला. वायरमनची मजुरी धरूनही खर्च दोन एक्स्टेंडरांच्या किमतीपेक्षा कमी झाला. गोदामात आता ९० च्या आसपास वेग मिळतो.

कारण उघड आहे. पहिली मजल आता हवेतून होतच नाही. तांब्याच्या वायरीत जाणारी आणि येणारी माहिती एकाच वेळी वाहते, कोणाला थांबावे लागत नाही. हवेत फक्त शेवटची मजल उरते, आणि ती चार हातांची. मेश घेतलेल्यांनीही दोन डबे वायरने जोडले तर साधा मेश महागड्या मेशपेक्षा चांगला चालतो. बहुतेक मेशच्या डब्यांना त्यासाठी वायरचे भोक दिलेले असते.

जुना राउटर असा वापरायचा असेल तर तीन गोष्टी कराव्या लागतात. त्याच्या सेटिंगमध्ये `Access Point` अशी पद्धत दिलेली असेल तर ती निवडली की काम झाले. नसेल तर पहिली गोष्ट, जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर `192.168.1.1` असेल तर जुन्याला त्याच मालिकेतला, पण मुख्य राउटर इतरांना वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा पत्ता द्यावा. दुसरी, जुन्यातील `DHCP` बंद करावे. हे पत्ते वाटण्याचे काम आहे. घरात ते एकानेच करायचे असते, नाहीतर फोन जोडला गेला तरी इंटरनेट येत नाही. तिसरी, खालून आलेली वायर जुन्याच्या `WAN` भोकात न लावता `LAN` लिहिलेल्या भोकात लावावी. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवावेत, म्हणजे फोन दोन्हीकडे आपोआप जोडला जातो. चॅनेल मात्र वेगळे ठेवावे. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११.

वायर घेताना शुद्ध तांब्याची मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, पण ती वाकवताना तुटते आणि काही महिन्यांनी जोडात दगा देते. आतील आठही तारा जोडून घ्याव्यात. काही वायरमन चारच जोडतात, आणि मग वेग १०० च्या वर कधीच जात नाही. विजेच्या वायरीच्या पाइपातून ही वायर नेऊ नये, वेगळा पाइप घालावा. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, तेव्हा दुमजली घराला काहीच अडचण नाही.

विजेचाही विचार करावा. खालचा राउटर इन्व्हर्टरवर आणि वरचा डबा साध्या सॉकेटवर असेल तर वीज जाताच वरचे इंटरनेट बंद पडते. सॉकेटमध्ये खोचण्याच्या एक्स्टेंडरला बॅटरी जोडणे अवघड जाते. अडॅप्टरवर चालणाऱ्या राउटरला मात्र छोटा यूपीएस सहज लागतो. तो घेताना व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरवर लिहिल्याइतकेच हवेत, ९ चे ९ आणि १२ चे १२, हे पाहून घ्यावे.

खरेदीपूर्वी तीन ठिकाणी मोजावे

कोणताही डबा घेण्यापूर्वी फोनवरील वेग मोजण्याच्या ॲपने तीन ठिकाणी मोजून आकडे कागदावर लिहावेत. पहिले राउटरपासून पाच फुटांवर, दुसरे जिन्याच्या माथ्यावर, तिसरे त्रासाच्या खोलीत. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. बाजाराच्या गर्दीच्या वेळी मोजलेले जास्त खरे.

राउटरजवळच वेग कमी असेल तर दोष कनेक्शनचा किंवा राउटरचा आहे, कोणताही डबा घेऊन उपयोग नाही. मात्र फोन त्या वेळी ५ गिगाहर्ट्झवर आहे ना, हे आधी पाहावे. राउटरजवळ चांगला आणि जिन्याच्या माथ्यावरही चांगला असेल, तर तिथे एक डबा ठेवून काम भागेल. मग जिन्याच्या माथ्यावर मोजलेल्या आकड्याचा निम्मा काढावा. तेवढा वेग आपल्या कामाला पुरत असेल तर स्वस्त एक्स्टेंडरही चालेल. एका व्हिडिओच्या बोलण्याला तीन-चार एमबीपीएस पुरतात, तेव्हा एकाच माणसाचे काम असेल तर १५-२० पुष्कळ झाले. घरात पाच-सहा जण, कॅमेरे आणि मुलांचा अभ्यास असे सगळे असेल, तर दोन रेडिओंचा एक्स्टेंडर किंवा मेश पाहावा. आणि जिन्याच्या माथ्यावरच वेग पडलेला असेल, तर हवेतून जाणारा कोणताही डबा फार काही करू शकणार नाही. तिथे पैसे वायरीवर खर्च करावेत. घर भाड्याचे असल्याने भोक पाडता येत नसेल, तरी जिन्याच्या खिडकीतून वायर बहुधा निघतेच.

आमच्या स्नेह्यांनी दोन एक्स्टेंडरांवर जे पैसे घातले ते परत आले नाहीत. त्यांपैकी एक डबा त्यांनी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या भावाला दिला. त्याचे घर लहान, स्लॅब एकच, आणि जिन्याच्या माथ्यावर रेंज चांगली आहे. तिथे तोच डबा उत्तम चालतो.